सोन्याच्या भावात डॉलर किती, ड्यूटी किती?

एकाच दिवशी, एकाच शहरात सोन्याचे तीन वेगळे भाव दिसतात. बातमीत एक, सराफाच्या पाटीवर दुसरा आणि मोबाइल अ‍ॅपवर तिसरा. यात बहुतेक वेळा फसवाफसवी नसते. बातमीतला भाव पुष्कळदा झवेरी बाजारातल्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा, म्हणजे ‘इब्जा’चा असतो आणि त्यात जीएसटी धरलेला नसतो. पाटीवर काही जण जीएसटी धरून लिहितात, काही न धरता. शिवाय कुणी २४ कॅरेटचा लिहितो, कुणी २२चा. अ‍ॅपवाला स्वतःचा नफा मिसळून विक्रीचा भाव दाखवतो. सोन्यात पैसे घालायचे असतील तर या सगळ्यांच्या मुळाशी असलेला भाव आधी समजून घ्यावा लागतो, कारण नाणं असो, फंड असो की डिजिटल सोनं, सगळं त्याच्याच आधाराने चालतं.

भारतात वापरलं जाणारं नवं सोनं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. त्यामुळे भावाची सुरुवात लंडनच्या बाजारात होते. तिथे तो डॉलरमध्ये आणि ट्रॉय औंसात ठरतो. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१०३५ ग्रॅम. हिशेबापुरता औंसाचा भाव ४,००० डॉलर आणि डॉलर ८८ रुपये धरू. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तेव्हा आकडे साधारण असेच होते. ४,००० ला ३१.१०३५ ने भागून १० ने गुणलं की १० ग्रॅमचे सुमारे १,२८६ डॉलर होतात. त्याचे रुपये १ लाख १३ हजारांच्या थोडे वर. त्यावर ६ टक्के आयात शुल्क, म्हणजे आणखी ६,८०० च्या आसपास. झाले जवळजवळ १ लाख २० हजार. हा घाऊक बाजारातला पायाभाव. गिऱ्हाइकाच्या बिलात त्यावर ३ टक्के जीएसटी चढतो आणि आकडा १ लाख २३ हजार ६०० वर जातो.

प्रत्यक्ष बाजारभाव या हिशेबापेक्षा थोडा वरखाली असतो. दिवाळीच्या तोंडावर माल कमी पडला की घाऊक व्यापारी वर प्रीमियम लावतात आणि भाव फार चढल्यामुळे गिऱ्हाईक पेढीची पायरी चढेनासं झालं की डिस्काउंट देतात. धनत्रयोदशी, गुरुपुष्य, लगीनसराई यांचा आपल्या भावावर थेट परिणाम होतो तो मुख्यतः एवढाच. मूळ भाव लंडन, डॉलर आणि ड्यूटी या तिघांच्या गुणाकारातून येतो.

हा गुणाकार नीट न पाहिल्यामुळे ‘सोनं कधी पडत नाही’ हा आपल्याकडचा लाडका समज पक्का झाला आहे. २०११ ते २०१५ हा काळ त्यासाठी तपासण्यासारखा आहे. सप्टेंबर २०११ मध्ये सोनं औंसाला १,९०० डॉलरच्या आसपास होतं आणि डॉलर होता सुमारे ४६ रुपयांना. आयात शुल्क टक्क्यांत नव्हतंच. १० ग्रॅममागे सरसकट ३०० रुपये असायचे. गुणाकार केला की १० ग्रॅमचे सुमारे २८,४०० रुपये येतात आणि त्या वेळच्या बाजारभावाशी ते जुळतंही. त्यानंतर सोनं घसरत गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये औंसाचा भाव १,०६० डॉलरवर आला होता. चार वर्षांत ४४ टक्के घट. शेअर बाजारात असं घडलं असतं तर पिढीभर लोकांनी त्याचं नाव काढलं नसतं.

आपल्याकडे मात्र डिसेंबर २०१५ चा भाव २५ हजारांच्या जवळ होता. घट १२ टक्क्यांची. मधल्या काळात डॉलर ४६ वरून साडेसहासष्टवर गेला होता आणि सरकारने चालू खात्यातली तूट आवरायला ड्यूटी टप्प्याटप्प्याने वाढवत ऑगस्ट २०१३ मध्ये १० टक्क्यांवर नेली होती. हे दोन्ही झालं नसतं, डॉलर ४६ वरच आणि ड्यूटी ३०० रुपयेच राहिली असती, तर १० ग्रॅमचा भाव १६ हजारांच्या आसपास असता. म्हणजे त्या २५ हजारांतले सुमारे ७ हजार रुपये घसरलेल्या रुपयाने दिले आणि जवळपास २ हजार वाढलेल्या ड्यूटीने. सोनं पडलं होतंच. आपण ज्या मापाने मोजत होतो ते मापही सोबत आखडलं, म्हणून पडझड दिसली नाही.

यातली रुपयाची बाजू बऱ्यापैकी टिकाऊ आहे. लांबच्या पल्ल्यात रुपया डॉलरपुढे घसरत आला आहे आणि सोनं धरून ठेवणाऱ्याला ती घसरण भरून मिळत गेली. ड्यूटीची बाजू तशी नाही, ती सरकारच्या एका अधिसूचनेवर असते. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं आणि त्याच दिवशी देशातला भाव १० ग्रॅममागे तीन ते चार हजार रुपयांनी खाली आला. लंडनमध्ये त्या दिवशी विशेष काही झालं नव्हतं. आदल्या आठवड्यात घेतलेलं वेढणं, सोन्याच्या फंडातलं युनिट, सोन्याच्या भावाशी बांधलेला सरकारी रोखा, सगळ्यांना तो फटका सारखाच बसला, कारण सगळ्यांचा भाव ड्यूटी धरूनच मोजला जातो. म्हणून कुणी विचारलं की ‘सोनं वाढलं की पडलं?’, तर आधी डॉलरमधला भाव बघावा. तो जागच्या जागी असेल तर हालचाल रुपयाची किंवा ड्यूटीची आहे.

आता लंडनचा भाव कशाने हलतो? माणसाने आजवर खाणीतून काढलेलं सोनं दोन लाख टनांहून अधिक आहे आणि ते जवळजवळ सगळं कुठे ना कुठे शिल्लक आहे. दरवर्षी खाणीतून त्यात साधारण साडेतीन हजार टनांची भर पडते, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. कांद्याचा भाव यंदाच्या पिकावर ठरतो तसं इथे होत नाही. खाणकामगारांचा संप झाला तरी भाव फारसा हलत नाही. ज्यांच्याकडे आधीच सोनं आहे ते किती भावाला सोडायला तयार आहेत आणि ज्यांच्याकडे पैसा आहे ते तो सोन्यात का घालू इच्छितात, यावर सगळं अवलंबून असतं.

सोनं व्याज देत नाही. अमेरिकी सरकारच्या रोख्यावर महागाई वजा करून चांगलं व्याज सुटत असेल, तर मोठ्या गुंतवणूकदाराला सोनं धरून ठेवणं महाग पडतं. तेच व्याज शून्याच्या खाली गेलं की सोनं धरून ठेवण्यात गमावण्यासारखं काही उरत नाही. १९८० च्या जानेवारीत सोनं ८५० डॉलरवर होतं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने महागाई मोडायला व्याजदर जबर वाढवले, महागाई आटोक्यात आली, आणि १९९९ पर्यंत सोनं २५० डॉलरच्या आसपास घरंगळलं. वीस वर्षांत एक तृतीयांशाहूनही कमी, तेही मधल्या महागाईचा हिशेब न धरता. ‘कितीही थांबलं तरी सोनं भरून देतंच’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

हा नियम अनेक वर्षं चांगला चालला आणि मग २०२२ नंतर वाकला. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात फेडने व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले. जुन्या हिशेबाने सोनं कोसळायला हवं होतं, पण ते टिकलं आणि पुढे वर गेलं. त्याचं मोठं कारण मध्यवर्ती बँका. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी गोठवली. आपली बचत दुसऱ्याच्या चलनात, दुसऱ्याच्या देशात असेल तर ती एका आदेशाने अडकू शकते, हे बाकीच्या देशांनी पाहिलं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही त्यात होती. तिच्याकडे आता ८८० टनांच्या आसपास सोनं आहे. त्यातलं काही इंग्लंडमधून परत आणलं गेलं, आणि देशात असलेलं सोनं मुंबई आणि नागपूरच्या तिजोऱ्यांत ठेवलं जातं. या बँका भाव बघून रोज खरेदी-विक्री करणाऱ्या नव्हेत, त्यामुळे त्यांच्या मागणीला व्याजदराची फारशी झळ लागत नाही. पण त्या कायम घेतच राहतील असंही कुणी लिहून दिलेलं नाही. ब्रिटनने १९९९ ते २००२ या काळात, भाव तळाला असताना, आपलं निम्म्याहून अधिक सोनं लिलावात काढलं होतं.

भावाचं गणित असं. आता त्यातलं आपल्या हाती किती येतं ते पाहू, कारण घेण्याच्या प्रकारानुसार इथे बराच फरक पडतो. पायाभाव तोच, १० ग्रॅमला १ लाख २० हजार, धरू.

नाण्यापासून सुरुवात करू. दहा ग्रॅमच्या नाण्यावर विक्रेता पायाभावापेक्षा काही टक्के जास्त घेतो. ३ टक्के धरले तर १ लाख २३ हजार ६००. त्यावर जीएसटी ३,७०८. बिल झालं १ लाख २७ हजार ३०८. दुसऱ्या दिवशी तेच नाणं मोडायला नेलं तर सराफ जीएसटी परत देत नाही, प्रीमियमही देत नाही आणि पायाभावातून एक-दोन टक्के घट धरतो. दोन टक्के धरले तर हातात येतात १ लाख १७ हजार ६००. भाव जागचा हललेला नाही आणि ९,७०० रुपये गेले. आपली मुद्दल सुटायलाच भाव सव्वाआठ टक्क्यांनी वाढायला हवा. नाणं जितकं लहान तितका हा बोजा मोठा, कारण पाडण्याचा आणि पॅकिंगचा खर्च एक ग्रॅमच्या नाण्यालाही लागतोच. गुरुपुष्याला एकेक ग्रॅम घेण्याची आपल्याकडची पद्धत श्रद्धेसाठी ठीक आहे, हिशेबाला ती महागच पडते. त्यापेक्षा ओळखीच्या पेढीवरचं चोख सोन्याचं वेढणं बरं, त्यावर घडणावळ नाममात्र असते. दागिन्याचं तर विचारूच नये. तिथे १० ते २० टक्के घडणावळ सहज लागते आणि मोडताना ती शून्य धरली जाते.

नाणं घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक म्हणजे शुद्धता ९९९ आहे की ९९५. दोन्हींना तोंडी ‘२४ कॅरेट’ म्हणतात, पण आपल्या भावाने १० ग्रॅममागे ४८० रुपयांचा फरक पडतो. दुसरी म्हणजे परत कोण घेणार. बँका नाणी विकतात, पण त्या ती परत विकत घेत नाहीत. बँकेचं नाणं मोडायला शेवटी सराफाकडेच जावं लागतं आणि तिथे सीलबंद पाकीट फोडलेलं असेल तर तो कस लावून बघितल्याशिवाय भाव सांगत नाही. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय सराफाला दागिना विकता येत नाही. लॉकरचं भाडंही खर्चात धरायला हवं, आणि हेही माहीत असावं की लॉकरमधून चोरी झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख, आत कितीही तोळे असोत.

गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारं सोन्याच्या फंडाचं युनिट. फंड आपल्या पैशाने खरं सोनं घेऊन तिजोरीत ठेवतो. युनिट घेताना बिलात ३ टक्के जीएसटी लागत नाही, घडणावळ नाही, घट नाही. दलाली आणि किरकोळ शुल्क एवढंच. त्यामुळे दोन-चार वर्षांसाठी नाण्याशी त्याची तुलनाच होत नाही. पण हे फुकट नाही. फंड दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का खर्च घेतो आणि तो आपल्या खात्यातून वेगळा कापला जात नाही, युनिटमागचं सोनंच तेवढं कमी होत जातं. ०.०१ ग्रॅमने सुरू झालेलं युनिट वर्षाला ०.८ टक्के खर्चाने अठरा वर्षांनी ०.००८७ ग्रॅमच्या आसपास उरतं. १२,००० रुपये ग्रॅमच्या भावाला नव्या फंडाचं युनिट १२० रुपयांना आणि जुन्याचं १०४ ला दिसतं ते यामुळे. ‘हे स्वस्त आहे’ म्हणून जुनं उचलणारे लोक मी पाहिलेत. दोन्हींत सोनं एकाच भावाने मिळतं, फक्त वजन वेगळं. तुलना करायची ती वार्षिक खर्चाच्या टक्क्याची.

याचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. ०.६ टक्के खर्चाने दहा वर्षांत पावणेसहा टक्क्यांच्या आसपास सोनं जातं. नाण्याचा फटका साडेसात टक्क्यांचा होता, पण तो एकदाच. वीस वर्षं हात न लावता ठेवायचं असेल आणि घरात सुरक्षित जागा असेल, तर मोठं नाणं किंवा बिस्किट ईटीएफच्या पुढे जातं. लॉकर भाड्याने घ्यावा लागत असेल तर पारडं पुन्हा फिरतं.

ईटीएफ घेताना स्क्रीनवर दोन आकडे बघावेत, बाजारातला भाव आणि आयएनएव्ही, म्हणजे त्या क्षणी युनिटमागच्या सोन्याची किंमत. गर्दीच्या दिवसांत पहिला दुसऱ्यापेक्षा दोन-तीन टक्के वर जाऊ शकतो. तसं दिसलं तर थांबावं, नाहीतर वाचवलेला जीएसटी दुसऱ्या दाराने निघून जातो. ऑर्डर मार्केट न टाकता भाव ठरवून लिमिट टाकावी. डीमॅट खातं नसेल तर त्याच ईटीएफमध्ये पैसे घालणारा गोल्ड फंड म्युच्युअल फंडासारखा घेता येतो, एसआयपीही होते, पण खर्चाचा आणखी एक थर वर बसतो.

अ‍ॅपवर दहा रुपयांपासून मिळतं ते डिजिटल सोनं. ते सोपं आहे, पण सोपेपणाची किंमत वसूल केली जाते. हजार रुपये भरले की आधी जीएसटी निघतो आणि ९७१ रुपयांचं सोनं खात्यात दिसतं. अ‍ॅपचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव यांत साधारण तीन टक्क्यांचं अंतर धरलं, तर लगेच विकून ९४२ च्या आसपास मिळतात. रोज दहा रुपये टाकले तरी टक्का तोच. महत्त्वाचा मुद्दा मात्र दुसरा आहे. ८ नोव्हेंबर २०२५ ला सेबीने जाहीरपणे बजावलं की हे डिजिटल सोनं तिच्या नियंत्रणाखाली येत नाही. विक्रेती कंपनी बुडाली तर ईटीएफच्या गुंतवणूकदाराला जे नियमांचं कवच असतं ते इथे नाही. सेबीच्या चौकटीतली इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीट, म्हणजे तिजोरीत ठेवलेल्या सोन्याची शेअर बाजारात विकता येणारी पावती, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पण तिची उलाढाल फारच तुरळक. विकायला गेलं तर समोर गिऱ्हाईक असेल याची खात्री नाही.

सरकारी सुवर्ण रोखे या सगळ्यांत सरस होते, म्हणूनच बहुधा ते बंद पडले. नोव्हेंबर २०१५ ची पहिली मालिका ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतली गेली. वर दरसाल पावणेतीन टक्के व्याज, आणि मुदत संपल्यावर झालेल्या नफ्यावर कर नाही. पण सरकारने या रोख्यांमागे सोनं घेऊन ठेवलेलं नव्हतं. भाव वाढेल तसं देणं वाढत गेलं. फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही. जुने रोखे बाजारात मिळतात, पण व्यवहार थोडे असतात आणि भाव सोन्याच्या वर असू शकतो. शिवाय करमाफीचे नियम मूळ इश्यूत घेतलेल्यांना आणि बाजारातून घेतलेल्यांना सारखेच लागू आहेत असं गृहीत धरू नये.

विकताना कर लागतो, पण मुदत वेगळी मोजली जाते. नाणं, वेढणं, डिजिटल सोनं दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के. ईटीएफला तोच दर एका वर्षानंतर मिळतो. त्याआधी विकलं तर नफा आपल्या उत्पन्नात मिसळून आपल्या टप्प्याप्रमाणे कर. नफा मोजायला खरेदीचं बिल लागतं, आणि नाण्यांच्या बाबतीत तेच बहुतेक घरांत सापडत नाही. आई-वडिलांकडून आलेलं सोनं असेल तर त्यांनी ज्या किमतीला घेतलं ती किंमत आणि त्यांनी घेतलेली तारीख धरली जाते. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला काढून ठेवावा.